रखडलेल्या पुनर्विकासाचा करार रद्द करताना: सांगलीतील सोळा सदनिकांच्या सोसायटीचा अनुभव आणि कामाचा क्रम

विश्रामबाग भागातील आमच्या सोळा सदनिकांच्या सोसायटीने १४ जून २०१८ रोजी एका विकसकाशी पुनर्विकासाचा करार केला, २०१९ च्या उन्हाळ्यात जुनी इमारत पाडली गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सहापैकी तिसरा स्लॅब पडल्यावर काम थांबले ते थांबलेच. हा करार संपवून विकसकाच्या सहीचा नोंदणीकृत रद्दलेख हाती येईपर्यंत जानेवारी २०२४ उजाडला. त्यात सुमारे दीड वर्ष आमच्या स्वतःच्या चुकीमुळे वाया गेले. सचिव या नात्याने ती कागदपत्रे मीच सांभाळली, म्हणून आपल्यापैकी ज्यांच्यावर हीच वेळ आली आहे त्यांच्यासाठी हा क्रम लिहीत आहे. वकील लागतीलच, परंतु वकिलांकडे काय घेऊन जायचे आणि कोणत्या गोष्टी त्यांच्याकडे जाण्याआधीच बिघडवून ठेवायच्या नाहीत, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

आमची चूक आधी सांगतो. जुलै २०२१ मध्ये संतापाच्या भरात अध्यक्षांनी सोसायटीच्या लेटरहेडवर "करार रद्द समजावा" असे तीन ओळींचे पत्र विकसकाला पाठवले. त्यामागे सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हता, कराराच्या कोणत्या कलमाचा भंग झाला हे लिहिलेले नव्हते आणि दोष दुरुस्त करण्यासाठी मुदतही दिलेली नव्हती. सप्टेंबरमध्ये विकसकाने दोन महिन्यांचे भाडे सर्व सभासदांच्या खात्यांत जमा केले आणि आम्ही सर्वांनी ते मुकाट्याने ठेवून घेतले. पुढे त्यांच्या वकिलांनी उत्तर दिले की भाडे स्वीकारून सोसायटीने करार चालू असल्याचे मान्य केले आहे. या युक्तिवादात तथ्य होते, त्यामुळे आम्हाला सर्व काही पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

१. मुदत विकसकाच्या बाजूने मोजा

करारनाम्यात बांधकामाची मुदत किती महिन्यांची आहे यापेक्षा ती कोणत्या दिवसापासून सुरू होते हे आधी शोधावे. आमच्या करारात "बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र किंवा सर्व सदनिकांचा रिकामा ताबा, यांपैकी जे नंतर घडेल त्या दिवसापासून २४ महिने व ६ महिने वाढीव" असे शब्द होते. महापालिकेचे प्रारंभ प्रमाणपत्र ९ जानेवारी २०१९ चे होते. परंतु एका सभासदाने घराची किल्ली ३० एप्रिल २०१९ रोजी दिली. म्हणजे आम्ही मनात धरलेली मुदत आणि करारातील मुदत यांत जवळपास चार महिन्यांचा फरक होता, आणि आमच्या पहिल्या पत्रात चुकीची तारीख गेली होती.

दुसऱ्या वेळी आमच्या वकीलबाईंनी एक वेगळी पद्धत सुचवली, जी मला सर्वांत उपयोगी वाटली. विकसक जी जी सवलत मागू शकेल ती सर्व त्याला देऊन तारीख काढायची आणि तरीही ती उलटली असेल तर तोच हिशेब नोटिशीत लिहायचा. आम्ही ३० एप्रिल २०१९ पासून २४ महिने धरले, त्यात ६ महिने वाढीव धरले, कोविडचे ६ महिने दिले आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे म्हणून आणखी २ महिने दिले. इतके करूनही मुदत जून २०२२ अखेर संपत होती. त्यामुळे महापूर आणि टाळेबंदी ही दोन उत्तरे, जी सांगली-मिरजेत अशा प्रत्येक प्रकरणात येतात, ती वादातूनच निघून गेली.

येथे एका सापळ्यापासून सावध राहावे. महारेराच्या संकेतस्थळावर आमच्या प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख डिसेंबर २०२३ अशी दिसत होती आणि विकसक प्रत्येक बैठकीत "रेरानेच मुदत दिली आहे" असे सांगत असे. ती तारीख त्याने विक्रीच्या सदनिकांच्या खरेदीदारांसाठी दिलेली असते. सोसायटीने लेखी मुदतवाढ दिलेली नसेल तर त्या तारखेने सोसायटीबरोबरचा करार आपोआप लांबत नाही. मात्र सोसायटीने स्वतः एखाद्या मुदतवाढीच्या पत्रावर किंवा पुरवणी करारावर सही केलेली असेल तर मोजणी तेथून करावी लागते, म्हणून जुन्या फायली नीट चाळाव्यात.

करारात रद्द करण्याचे कलमच नसेल, किंवा तो अधिकार फक्त विकसकाला दिलेला असेल, तरी मार्ग बंद होत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३९ आणि ५५ प्रमाणे समोरच्याने करार पाळण्यास नकार दिला किंवा मुदत हा कराराचा गाभा असताना ती पाळली नाही, तर दुसऱ्या पक्षाला करार संपवता येतो. परंतु मुदतीबाबत आपण अनेक वर्षे गप्प राहिलो असू, तर आधी नोटीस देऊन ठरावीक, वाजवी मुदत बांधून देणे आवश्यक ठरते.

२. कागद गोळा करा

सभा बोलावण्यापूर्वी पुढील कागद एका फायलीत असावेत:

- नोंदणीकृत विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि सर्व पुरवणी करार
- सोसायटीच्या जागेचे मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, आणि अभिहस्तांतरण झाले असल्यास त्याचा दस्त
- मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि जोते तपासणीचे प्रमाणपत्र
- प्रत्येक सभासदाच्या बँक खात्याचा उतारा, ज्यात भाडे कधी आले आणि कधी बंद झाले हे दिसेल
- आपल्या मिळकतीवर नोंदलेल्या सर्व दस्तांच्या सूची क्रमांक २ च्या, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या गोषवाऱ्याच्या, प्रती
- विकसक कंपनी असेल तर तिच्या मालमत्तेवरील बोजांची नोंद

या यादीतील सूची क्रमांक २ कडे बहुतेक सोसायट्या दुर्लक्ष करतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेतल्यावर आम्हाला प्रथमच समजले की विकसकाने विक्रीच्या वाट्यातील तीन सदनिकांचे करार त्रयस्थ खरेदीदारांशी केले आहेत. हे खरेदीदार पुढे आपल्या दारात उभे राहतात. ते विकसकाच्या माध्यमातून आलेले असल्याने त्याचा करार कायदेशीररीत्या संपला की सोसायटीवर त्यांचा स्वतंत्र हक्क उरत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वैदेही आकाश हाउसिंग प्रकरणात घेतली आहे. त्यांनी परतावा विकसकाकडून मागायचा असतो. तरीही महारेराच्या नोंदणीत सोसायटीचे नाव प्रवर्तक म्हणून घातलेले आहे का, हे पाहून ठेवावे, कारण तसे असल्यास तेवढा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. या माणसांशी सौजन्याने बोलावे, परंतु "तुम्हाला नव्या इमारतीत घर मिळेल" असे कोणीही, अगदी तोंडीही, सांगू नये.

विकसक कंपनी किंवा एलएलपी असेल तर तिच्याविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज प्रलंबित आहे का, हेही पाहावे. अर्ज दाखल करून घेतला गेला की स्थगिती लागू होते आणि त्यानंतर करार संपवून जागा परत मिळवणे फार अवघड होते. अशी चिन्हे दिसत असतील तर पुढील पायऱ्यांना विलंब लावू नये.

३. समिती वैध आहे का ते पाहा, मगच सभा घ्या

इमारत पाडली गेली की सभासद पांगतात आणि निवडणुका राहून जातात. आमच्या समितीची पाच वर्षांची मुदत संपलेली होती. अशा समितीने दिलेली नोटीस विकसकाच्या वकिलाला आयतेच कोलीत देते, म्हणून आम्ही आधी सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज करून निवडणूक पूर्ण केली. (येथे नवख्यांचा नेहमी घोळ होतो: सोसायटीचा कारभार उपनिबंधकांकडे असतो, तर दस्तनोंदणी दुय्यम निबंधकांकडे. आमच्या एका सभासदाने ठरावाची प्रत चुकीच्या कार्यालयात देऊन पोच आणली होती.)

पुनर्विकासासंबंधी शासनाचे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील निर्देश ३ जानेवारी २००९ रोजी निघाले आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारले गेले. त्यांचा भर विकसक निवडण्याच्या पद्धतीवर आहे. करार रद्द करतानाही आम्ही तोच मापदंड स्वतःला लावला, म्हणजे दोन-तृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिकांची लेखी संमती. १४ दिवसांची नोटीस देऊन ३० ऑक्टोबर २०२२ रोजी विशेष सर्वसाधारण सभा घेतली. सोळापैकी तेरा हजर होते, बारा जणांनी ठरावाच्या बाजूने सही केली आणि एक तटस्थ राहिले. सभेचे चित्रीकरण केले आणि इतिवृत्त आठ दिवसांत सर्वांना पाठवले.

ठराव एकच न करता टप्प्यांनी लिहावा. आमच्या ठरावात दोष दुरुस्तीची नोटीस देणे, तीस दिवसांत ती न पाळल्यास करार व कुलमुखत्यारपत्र दोन्ही रद्द करणे, तीन सभासदांना सह्यांचे अधिकार देणे, न्यायालय व लवादापुढे जाण्याची परवानगी आणि खर्चासाठी प्रत्येकी वर्गणी, असे भाग होते. त्यामुळे प्रत्येक पायरीला पुन्हा सभा बोलवावी लागली नाही.

४. दोष दुरुस्तीची नोटीस

ही नोटीस वकिलामार्फत जावी आणि तिच्यात रागाचा एकही शब्द नसावा. प्रत्येक भंगासमोर कराराचे कलम, तारीख आणि पुरावा असावा: अमुक कलमाप्रमाणे मुदत जून २०२२ अखेर संपली, अमुक कलमाप्रमाणे भाडे देय असताना इतक्या महिन्यांचे थकले, २० टक्के रकमेची बँक हमी द्यायची होती, ती दिली नाही. बँक हमीची तरतूद शासनाच्या निर्देशांतच आहे, पण आमच्यासारख्या अनेक सोसायट्या ती मागतच नाहीत आणि नंतर पस्तावतात.

विकसकाने तीस दिवसांत नेमके काय करायचे हेही लिहावे. "काम सुरू करा" एवढे लिहिल्यास चार मजूर आणि एक मिक्सर आणून उभे केले जातात आणि फोटो काढले जातात. आम्ही थकलेले संपूर्ण भाडे जमा करणे, बँक हमी देणे आणि पुढील तीन स्लॅबचे तारखांसह वेळापत्रक देणे, अशा मोजता येणाऱ्या तीन मागण्या ठेवल्या होत्या.

नोटीस करारात दिलेल्या पत्त्यावर, भागीदारी संस्था असल्यास प्रत्येक भागीदाराला, आणि करारात ई-मेल पत्ता असल्यास त्यावरही पाठवावी. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आले तर ते न उघडता तसेच जपून ठेवावे. आमची नोटीस २१ नोव्हेंबर २०२२ रोजी पोहोचली.

या तीस दिवसांत जुनी चूक पुन्हा होऊ न देण्यासाठी प्रत्येक सभासदाकडून लेखी घेतले की विकसकाकडून रक्कम आल्यास तो त्याच दिवशी सचिवाला कळवेल. रक्कम आलीच, तर ती "थकबाकीपोटी, सर्व हक्क अबाधित ठेवून" स्वीकारल्याचे पत्र वकिलामार्फत लगेच पाठवायचे, असे ठरले होते. एकट्या सभासदाने विकसकाशी वेगळी बोलणी करणे हाही तितकाच मोठा धोका आहे.

५. करार रद्द झाल्याची नोटीस, आणि त्याच दिवशी कॅव्हेट

तीस दिवस उलटल्यावर २ जानेवारी २०२३ रोजी करार संपुष्टात आणल्याची नोटीस गेली. तिच्यात कुलमुखत्यारपत्रही रद्द केल्याचे स्वतंत्र परिच्छेदात लिहिले. बहुतेक कुलमुखत्यारपत्रांवर "अपरिवर्तनीय" असा शब्द असतो आणि त्याने सभासद घाबरतात. परंतु ज्या करारातून ते जन्मले तो करारच वैध रीतीने संपला, तर त्याचा आधार जातो. म्हणूनच आधी करार आणि मग कुलमुखत्यारपत्र, हा क्रम उलटा करू नये.

त्याच दिवशी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल केले, जेणेकरून आमचे म्हणणे न ऐकता विकसकाला एकतर्फी मनाई मिळू नये. कॅव्हेट ९० दिवसच टिकते, ती तारीख दिनदर्शिकेत मांडून ठेवावी. नोटिशीच्या प्रती महापालिकेचा नगररचना विभाग, महारेरा, उपनिबंधक आणि वास्तुविशारद यांना दिल्या आणि स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर नोटीस छापली, म्हणजे त्यानंतर कोणी सदनिका विकत घेतली तर "आम्हाला माहीत नव्हते" असे म्हणणे अवघड जाते.

६. फाटकाला कुलूप लावू नका

या टप्प्यावर तरुण सभासदांना वाटते की जागा आपली आहे, सुरक्षारक्षकाला हाकलून ताबा घ्यावा. असे केल्यास विकसक फौजदारी तक्रार करतो, शिवाय जबरदस्तीने ताबा काढल्याचा दावा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत लावू शकतो, आणि मग तीन वर्षे काम न करणारा माणूस न्यायालयात पीडित म्हणून उभा राहतो.

करारात लवादाचे कलम असेल तर लवाद व सलोखा अधिनियम १९९६ च्या कलम ९ खाली जिल्हा न्यायालयाकडे अंतरिम आदेश मागावा. आम्ही मार्च २०२३ मध्ये अर्ज केला आणि मुख्यतः दोन गोष्टी मागितल्या: न्यायालयाने आयुक्त नेमून जागेवरील कामाची मोजणी करावी, आणि विकसकाने विक्री किंवा तारण करू नये. आदेश मिळाल्यावर ९० दिवसांत लवादाची प्रक्रिया सुरू करावी लागते, हे विसरू नये. विकसकाने एकट्याने लवाद नेमण्याचे कलम करारात असले तरी ते निमूटपणे मान्य करू नये. अशी एकतर्फी नेमणूक न्यायालयात टिकत नाही, आणि उभयपक्षी एकमत न झाल्यास उच्च न्यायालय लवाद नेमते. त्यासाठी आता सांगली-साताऱ्याच्या लोकांना मुंबई गाठावी लागत नाही, कारण कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आहे.

मोजणी ही या टप्प्यातील सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे. नवा विकसक एकदा कामाला लागला की जुन्याने किती काम केले होते हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. आयुक्तांच्या अहवालात स्लॅबची संख्या, खांबांची मापे, उघड्या सळ्यांची स्थिती आणि जागेवर पडलेले साहित्य नोंदवून घ्यावे.

७. हिशेब आणि रद्दलेख

विकसकाची चूक असली तरी त्याने केलेल्या कामाचा काही मोबदला मागण्याचा त्याचा दावा उभा राहतोच, आणि सोसायटीचा थकीत भाड्याचा दावा त्याच्या समोर असतो. आमचा हिशेब असा झाला. मे २०१९ ते डिसेंबर २०२२ हे ४४ महिने, त्यांपैकी २४ महिन्यांचे भाडे मिळालेले, २० महिन्यांचे थकलेले. सोळा घरांचे दरमहा प्रत्येकी ८,००० रुपये म्हणजे महिन्याला १,२८,००० आणि एकूण थकबाकी २५,६०,००० रुपये. विकसकाने कामाचे ६१ लाख सांगितले होते. मूल्यांकनकर्त्याने आयुक्तांच्या मोजणीवरून, गंजलेल्या सळ्यांच्या दुरुस्तीचा खर्च वजा करून, ३६,४०,००० रुपये ठरवले. फरक १०,८०,००० रुपयांचा, आणि तो आम्हीच विकसकाला द्यायचा होता.

या प्रस्तावावर सभेत दोन तास भांडण झाले, आणि ते रास्तच होते. ज्याने आम्हाला भाड्याच्या घरांत ताटकळत ठेवले त्यालाच प्रत्येक घरामागे ६७,५०० रुपये का द्यायचे, हा प्रश्न मलाही पडला होता. परंतु आपली रद्द करण्याची नोटीस सूची क्रमांक २ मधून जुना करार पुसत नाही. दोघांनी नोंदवलेला करार एकट्याच्या सहीने नोंदणी कार्यालयात रद्द होत नाही. त्यासाठी विकसकाची सही असलेला रद्दलेख लागतो, किंवा न्यायालयाचा अथवा लवादाचा निर्णय. तो मिळेपर्यंत आम्ही भेटलेल्या तिन्ही विकसकांच्या बँकांनी कर्ज देण्यास नकार दिला होता. लवाद पूर्ण चालवला असता तर कदाचित रक्कम कमी झाली असती, पण तितका काळ सभासदांचे भाडे स्वतःच्या खिशातून गेले असते. आमच्या मते सही विकत घेणे स्वस्त पडले; ज्यांच्या प्रकरणात फरकाची रक्कम मोठी आहे त्यांनी वेगळा विचार करावा. थकबाकीच्या दाव्याला साधारणतः तीन वर्षांची मुदत असते, म्हणून तडजोडीची बोलणी लांबवून जुने महिने बुडू देऊ नयेत.

तडजोडीच्या अटी नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयात नोंदल्या गेल्या. रक्कम रद्दलेख नोंदवल्याच्या दिवशी, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातच, डिमांड ड्राफ्टने द्यायची असे ठरवले होते. आधी पैसे आणि नंतर सही, असे कधीही मान्य करू नये. त्याच दिवशी विकसकाकडून मूळ करारनामा, मूळ कुलमुखत्यारपत्र, मंजूर नकाशांची प्रत, आणि वास्तुविशारद व संरचना अभियंता यांची ना हरकत पत्रे ताब्यात घेतली.

८. नव्या विकसकाकडे जाण्यापूर्वी

महापालिकेची बांधकाम परवानगी तपासावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे ती एक वर्षाची असते आणि दरवर्षी वाढवून मिळाली तरी त्या वाढीला मर्यादा आहे. रखडलेल्या कामात ती बहुधा संपलेलीच असते. आमची संपलेली होती, त्यामुळे नव्या नियमावलीप्रमाणे नकाशे पुन्हा दाखल करावे लागले आणि कृष्णेच्या पूररेषेची तपासणीही पुन्हा झाली.

उभ्या असलेल्या तीन स्लॅबवर पुढचे मजले चढवायचे की ते पाडायचे, हे नव्या विकसकाच्या सांगण्यावरून ठरवू नये. सोसायटीने स्वतंत्र संरचना अभियंता नेमून काँक्रीटचे गाभे काढून तपासणी करून घ्यावी. आमच्याकडे खांब टिकले, पण वर उघड्या राहिलेल्या सळ्या कापून नव्या जोडाव्या लागल्या, आणि तो खर्च नव्या करारात कोणाच्या माथी जाईल हे सही करण्यापूर्वीच लिहून घेतले.